४८ तासांनंतरचा निर्णय: मेरोपेनेमपासून सहा गोळ्यांपर्यंत

अँटिबायोटिक सुरू करायचे ते अपुऱ्या माहितीवर. कोणता जिवाणू आहे, तो कशाला दाद देतो, काहीच माहीत नसते आणि रुग्ण मात्र समोर थरथरत असतो. दोन दिवसांनी यातले बरेच काही कागदावर आलेले असते. तरीही वॉर्डमध्ये पहिला निर्णय हमखास घेतला जातो आणि दुसरा राहून जातो. 'रुग्ण सुधारतोय ना, मग चालू राहू दे' एवढ्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम औषध दहा-दहा दिवस चालते. अँटिबायोटिक स्टुअर्डशिपचे बरेचसे काम या दुसऱ्या निर्णयाभोवती फिरते. तो नीट कसा घ्यायचा, हे एका केसच्या आधाराने पाहू. केस शिकवण्यासाठी रचलेली आहे, पण अशी रुग्ण कुठल्याही मेडिसिन वॉर्डमध्ये भेटते.

६४ वर्षांच्या बाई, वजन ५८ किलो. मधुमेह आणि रक्तदाब आहे, मेटफॉर्मिन व टेल्मिसार्टन चालू आहे. दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखते, उलट्या होतात. सोमवारी रात्री दाखल झाल्या तेव्हा ताप ३९.२ अंश सेल्सिअस, नाडी ११८, रक्तदाब ९२/५६, श्वास मिनिटाला २४. क्रिएटिनिन १.६, मागच्या महिन्यात ०.९ होते. लघवीत पू पेशी भरपूर. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला होता.

पायरी १: सुरू करतानाच पुढची सोय करून ठेवा

पुढे औषध कमी करता येईल की नाही, हे पहिल्या तासातच ठरते, कारण ते कल्चरवर अवलंबून आहे. कल्चर न घेता मेरोपेनेम सुरू केले, तर तिसऱ्या दिवशी हातात काहीच नसते. मग मेरोपेनेमच पुढे ओढण्याखेरीज कुणाची हिंमत होत नाही.

म्हणून पहिला डोस देण्याआधी रक्ताचे दोन संच घ्यायचे, दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून. एका संचात दोन बाटल्या, एक एरोबिक आणि एक अ‍ॅनएरोबिक, आणि प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलीलिटर रक्त. प्रौढ माणसाच्या रक्तात जिवाणूंची संख्या खूप कमी असते, कित्येकदा एका मिलीलिटरमध्ये एखादा. बाटलीत तीनच मिलीलिटर रक्त गेले, तर जिवाणू रक्तात असूनही बाटली निगेटिव्ह राहू शकते. लघवीचा नमुना धारेच्या मधला. कॅथेटर बरेच दिवसांपासून बसवलेला असेल, तर तो बदलून नव्या कॅथेटरमधून नमुना घ्यावा. जुन्या नळीच्या आतल्या थरात जे जिवाणू वाढलेले असतात, ते रुग्णाला आजारी पाडणारेच असतील असे नाही. शॉकच्या उंबरठ्यावरच्या रुग्णात या सगळ्यासाठी डोस लांबवायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत हे काम होते आणि तेवढी ती द्यावीत.

आता औषध. मूत्रपिंडाच्या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, त्यामागे क्लेब्सिएला आणि प्रोटियस. या बाईंमध्ये दोन गोष्टी पारडे जड करतात. रक्तदाब पडलेला आहे, म्हणजे पहिले औषध चुकले तर त्याची किंमत मोठी आहे. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी क्विनोलोन दिलेले आहे, त्यामुळे प्रतिरोधी जिवाणू निवडला गेला असण्याची शक्यता आहे. अशात रुग्णालयाच्या अँटिबायोग्राममध्ये ईएसबीएल, म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे निकामी करणारे एन्झाइम, बनवणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण जास्त असेल, तर मेरोपेनेमने सुरुवात करणे योग्यच. स्टुअर्डशिप म्हणजे नेहमी साधे औषध देणे, असा समज घेऊन विद्यार्थी येतात आणि इथे अडखळतात. चुकायला जागा नसते तेव्हा सुरुवात व्यापक करावीच लागते. हीच बाई ताप सोडता ठीक असती, रक्तदाब १२०/८० असता आणि आधीचे अँटिबायोटिक नसते, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने सुरुवात करणे बहुतेक ठिकाणी पुरेसे ठरले असते.

सोबत मेट्रोनिडाझोल मात्र नको. मेरोपेनेम अ‍ॅनएरोब्जवर स्वतःच चालते आणि इथे त्यांचा संशयही नाही. व्हॅन्कोमायसिनलाही कारण नाही, कारण सेंट्रल लाइन नाही आणि त्वचेचा संसर्गही नाही. 'असू दे जोडीला' म्हणून लिहिलेले दुसरे औषध काढायला पुढे कुणी धजत नाही.

डोसबद्दल एक चूक वारंवार होते. क्रिएटिनिन १.६ पाहून कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने हिशेब केला की क्लिअरन्स मिनिटाला साधारण ३२ मिलीलिटर येतो. मेरोपेनेमच्या तक्त्यात २६ ते ५० च्या रकान्यात १ ग्रॅम दर १२ तासांनी असे लिहिलेले असते, म्हणून पहिल्या रात्रीच डोस कमी केला जातो. पण हे नवे, रक्तदाब पडल्यामुळे झालेले बिघाड आहेत. सलाईन गेल्यावर बऱ्याच रुग्णांत मूत्रपिंड ४८ तासांत सावरते. सेप्सिसमध्ये औषध पसरण्याची जागाही वाढलेली असते, त्यामुळे तोच डोस रक्तात कमी पातळी देतो. बीटा-लॅक्टम औषधांत सुरक्षिततेला बऱ्यापैकी वाव असतो. म्हणून पहिले ४८ तास पूर्ण डोस, १ ग्रॅम दर ८ तासांनी, आणि रोज क्रिएटिनिन पाहून फेरविचार. पहिला डोस तर मूत्रपिंड कितीही बिघडलेले असले तरी पूर्णच जातो, कारण त्याची पातळी औषध कुठवर पसरते यावर ठरते, ते बाहेर किती वेगाने पडते यावर नाही. हे आपल्याला ठाऊक असलेले फार्माकोकायनेटिक्सच आहे, फक्त ते वॉर्डमध्ये आठवावे लागते.

केसपेपरवर एवढे लिहायचे: औषध, कशासाठी, सुरू केल्याची तारीख व वेळ, आणि फेरविचाराची तारीख. 'मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी, मूत्रपिंडाचा संसर्ग व सेप्सिस, सोमवार रात्री ९.४०, फेरविचार बुधवारी.' यातल्या 'कशासाठी' या शब्दाचे वजन जास्त आहे. नुसते 'सेप्सिस' लिहिले तर तिसऱ्या दिवशी आलेल्या नव्या डॉक्टरला औषध कधी थांबवायचे ते कळत नाही. 'मूत्रपिंडाचा संसर्ग' लिहिले की दिवसांची संख्या आपोआप डोळ्यांसमोर येते.

पायरी २: मधल्या काळात काय पाहायचे

मंगळवारी सकाळी रक्ताची बाटली पॉझिटिव्ह आली आणि ग्रॅम स्टेनमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय दिसले. मेरोपेनेम चालूच आहे, त्यामुळे औषध बदलायची गरज नाही. पण एक प्रश्न आता विचारायलाच हवा: मूत्रमार्गात अडथळा आहे का? सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेले नाही, खडा नाही, गळू नाही, हे कळेपर्यंत पुढचा कोणताही हिशेब पक्का होत नाही. खड्याने अडलेल्या मूत्रनलिकेच्या मागे साठलेल्या पुवात कितीही चांगले औषध दिले तरी उपयोग होत नाही, तिथे स्टेंट किंवा नळी घालून वाट मोकळी करावी लागते. आपल्या रुग्णात सोनोग्राफी स्वच्छ आली.

बुधवारी सकाळी ताप ३८.१, रक्तदाब ११८/७०, नाडी ९२, क्रिएटिनिन १.२. इथे घाबरून औषध वाढवले जाते, कारण 'मेरोपेनेम चालू असून दीड दिवसाने ताप आहेच'. मूत्रपिंडाच्या संसर्गात योग्य औषध चालू असतानाही ताप दोन-तीन दिवस राहू शकतो. पाहायचे ते त्याच्या दिशेकडे. तापाची उंची कमी होतेय, रक्तदाब सावरतोय, नाडी उतरतेय, बाई पाणी मागताहेत, तर औषध काम करते आहे. ७२ तास उलटूनही ताप तसाच असेल, तर औषध बदलण्याआधी सीटी स्कॅन करून गळू शोधावे.

पायरी ३: सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट वाचणे

बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता रिपोर्ट संगणकावर आला. रक्तात आणि लघवीत एकच जिवाणू, ई. कोलाय. आकडे एमआयसीचे, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या सर्वांत कमी पातळीचे आहेत, मिलीलिटरला मायक्रोग्रॅम:

अ‍ॅम्पिसिलिन: ≥३२, प्रतिरोधी
सेफाझोलिन: ८, प्रतिरोधी
सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन: ≤०.२५, संवेदनशील
पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम: ≤४, संवेदनशील
मेरोपेनेम: ≤०.२५, संवेदनशील
जेंटामायसिन: ≤१, संवेदनशील
सिप्रोफ्लॉक्सासिन: १, प्रतिरोधी
को-ट्रायमॉक्साझोल: ≤२०, संवेदनशील
नायट्रोफ्युरँटॉइन (लघवीच्या नमुन्यावर): ≤१६, संवेदनशील

हा कागद विद्यार्थ्यांपुढे ठेवला की बहुतेकांचे बोट सर्वांत लहान आकड्यावर जाते. ०.२५ म्हणजे जोरदार औषध आणि २० म्हणजे कमकुवत, अशी ती समजूत. ती चुकीची आहे. वेगवेगळ्या औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. प्रत्येक औषधाचा आकडा त्याच औषधाच्या ब्रेकपॉइंटशी ताडायचा, आणि ब्रेकपॉइंट ठरतो तो नेहमीच्या डोसमध्ये ते औषध शरीरात किती पातळी गाठते यावरून. सीएलएसआयच्या निकषांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसाठी संवेदनशीलतेची मर्यादा १ आहे. को-ट्रायमॉक्साझोलची मर्यादा ट्रायमेथोप्रिम २ आणि सल्फामेथॉक्साझोल ३८, म्हणजे मिळून ४०. यंत्राने छापलेला २० हा आकडा दोन्ही घटकांची बेरीज आहे, म्हणून तो मोठा दिसतो. तो मर्यादेच्या आत आहे, एवढेच महत्त्वाचे. शिवाय '≤' या चिन्हाचा अर्थ यंत्राने तपासलेल्या सर्वांत कमी पातळीतही जिवाणू वाढला नाही. खरा आकडा त्याहून किती खाली आहे, ते यंत्र सांगतच नाही.

दुसरा सापळा नायट्रोफ्युरँटॉइनचा. रिपोर्टवर 'संवेदनशील' आहे, गोळी आहे, नॅरो आहे, म्हणून ते निवडावेसे वाटते. पण हे औषध लघवीत साठते, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत उपचाराला पुरेल एवढी पातळी गाठत नाही. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात ते उत्तम आहे. इथे जिवाणू रक्तात आहे, म्हणून ते बाद. संवेदनशीलता ही काचपात्रातली गोष्ट असते. औषध संसर्गाच्या जागी पोहोचते का, हा प्रश्न रिपोर्ट आपल्यासाठी सोडवत नाही.

आता यादीतली वरची ही ओळ वाचा: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला संवेदनशील. याचा अर्थ हा जिवाणू ईएसबीएल बनवणारा असण्याची शक्यता फारच कमी. ज्या भीतीने आपण मेरोपेनेम सुरू केले होते ती भीती आता राहिलेली नाही. सुरू करण्याचे कारण संपले, तर चालू ठेवायला नवे कारण लागते आणि ते इथे नाही.

पायरी ४: कोणते औषध, आणि का

पर्यायांत सर्वांत नॅरो कोणते ते पाहताना जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ पासूनची अ‍ॅवेअर वर्गवारी सुरुवातीला मदत करते. त्यात औषधांचे तीन गट आहेत: अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. मात्र तिच्या मर्यादा लक्षात ठेवा. मेरोपेनेम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही तिन्ही वॉच गटातच येतात, तरी त्यांच्या व्याप्तीत फार फरक आहे. मेरोपेनेम आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम स्यूडोमोनासवर आणि अ‍ॅनएरोब्जवर चालतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन स्यूडोमोनासवर चालत नाही आणि आतड्यातल्या अ‍ॅनएरोब्जवर त्याचा भर बराच कमी. म्हणून मेरोपेनेमवरून पिपरासिलिनवर येणे हे नावापुरतेच उतरणे आहे.

सेफाझोलिन संवेदनशील असते तर ते २ ग्रॅम दर ८ तासांनी ही आणखी नॅरो निवड झाली असती. इथे ते प्रतिरोधी आहे. जेंटामायसिन नॅरो असले तरी नुकत्याच सावरत असलेल्या मूत्रपिंडावर ते लादण्यात शहाणपण नाही. राहिले सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, २ ग्रॅम शिरेतून दिवसातून एकदा. गोळी अजून एक दिवस दूर आहे, कारण बाईंची उलटी बुधवारी दुपारीच थांबली आहे.

रिपोर्ट साडेसातला आला, पण तो पाहिला गेला गुरुवारी सकाळच्या राउंडला. मधल्या काळात रात्री दहाचा आणि पहाटे सहाचा असे मेरोपेनेमचे दोन डोस गेले. ही गळती जवळपास सगळीकडे असते आणि ती ज्ञानाच्या अभावाने होत नाही. रिपोर्ट कुणी पाहायचा हे ठरलेले नसते, म्हणून होते. फेरविचाराची वेळ केसपेपरवर लिहिलेली असली आणि संध्याकाळच्या पाळीचा डॉक्टर कल्चरची यादी उघडून बघत असला, की ती थांबते. गुरुवारी सकाळी ९ ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले आणि मेरोपेनेमची ऑर्डर त्याच वेळी खोडली. नवी ऑर्डर लिहून जुनी तशीच राहिली, तर सिस्टर दोन्ही औषधे देत राहतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

एवढ्या खटाटोपाने मिळते काय? प्रत्येक अँटिबायोटिक आतड्यातल्या जिवाणूंवरही जाते. जे संवेदनशील असतात ते मरतात, त्यांची जागा प्रतिरोधी घेतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइलला मोकळे रान मिळते. कार्बापेनेम जितके दिवस जास्त, तितकी कार्बापेनेमलाही न जुमानणारे जिवाणू त्याच रुग्णाच्या आतड्यात वाढण्याची शक्यता जास्त. याच बाईंना पुढच्या वर्षी पुन्हा संसर्ग झाला तर तो याच आतड्यातून येणार आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही यातून सुटत नाही, कारण त्याचा मोठा वाटा पित्तावाटे आतड्यातच उतरतो. म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर आलो की काम संपले असे समजू नका.

जिथे उतरायचे नाही

हाच रिपोर्ट थोडा वेगळा आला असता तर? समजा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन प्रतिरोधी आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम संवेदनशील. कागदावर मेरोपेनेम सोडून पिपरासिलिनवर येणे हे डी-एस्कलेशन दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो ट्रायलमध्ये नेमके हेच तपासले गेले. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला प्रतिरोधी ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात असलेल्या रुग्णांपैकी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम मिळालेल्यांत ३० दिवसांत १२.३ टक्के दगावले, मेरोपेनेम मिळालेल्यांत ३.७ टक्के. त्यामुळे अशा रुग्णात कार्बापेनेम चालू ठेवायचे. को-ट्रायमॉक्साझोल किंवा क्विनोलोन संवेदनशील असेल, तर रुग्ण स्थिर झाल्यावर कार्बापेनेमवरून थेट त्या गोळीवर यायचे. मधली पिपरासिलिनची पायरी गाळायची.

जिवाणू एन्टेरोबॅक्टर क्लोएकी असता तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 'संवेदनशील' असूनही नको. त्याच्याकडे अ‍ॅम्प-सी एन्झाइमचे जीन असते आणि उपचार चालू असतानाच त्याचे उत्पादन वाढून औषध निकामी होऊ शकते. तिथे सेफेपिम संवेदनशील असेल तर ते निवडतात. म्हणून रिपोर्टवर आधी जिवाणूचे नाव वाचायचे आणि मग औषधांची यादी.

पायरी ५: शिरेतून गोळीवर

शुक्रवारी सकाळी २४ तासांहून जास्त काळ ताप नाही. रक्तदाब सलाईनशिवाय स्थिर आहे, बाई जेवताहेत, उलटी नाही, अडथळा नाही हे आधीच पाहिलेले आहे आणि जिवाणूवर चालणारी, नीट शोषली जाणारी गोळी उपलब्ध आहे. एवढे जमले की शिरेतून औषध देत राहण्याने फायदा होत नाही. उलट शिरेतली सुई स्वतःच संसर्गाचे दार असते.

को-ट्रायमॉक्साझोल तोंडावाटे घेतले तरी जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि ते अ‍ॅक्सेस गटात आहे. डोस १६०/८०० मिलीग्रॅमची एक गोळी दिवसातून दोनदा. देण्याआधी सल्फाची अ‍ॅलर्जी विचारायची. क्रिएटिनिन आता १.० आहे, क्लिअरन्स साधारण ५२ येतो, म्हणजे पूर्ण डोस चालेल. क्लिअरन्स ३० च्या खाली गेला तर डोस कमी करावा लागतो.

खरा धोका पोटॅशियमचा आहे. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमधील सोडियम चॅनल बंद करते, अगदी अ‍ॅमिलोराइडसारखे, त्यामुळे पोटॅशियम बाहेर पडायचे कमी होते. या बाई टेल्मिसार्टन घेतात, जे पोटॅशियम आणखी वाढवते. दोन्ही एकत्र आले की काही दिवसांत पोटॅशियम धोकादायक चढू शकते. रक्तदाब पडल्यामुळे टेल्मिसार्टन सोमवारपासून थांबवलेलेच आहे. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत ते थांबलेलेच ठेवायचे, शुक्रवारी पोटॅशियम पाहायचे आणि रविवारी पुन्हा. याच काळात क्रिएटिनिन ०.१-०.२ ने वर गेले, तर लगेच मूत्रपिंड बिघडले असे समजू नये. ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनचे नलिकांमधून बाहेर पडणे अडवते, गाळण्याचा वेग तोच राहतो. युरिया आणि पोटॅशियम स्थिर असतील तर बहुधा हेच कारण. बाई मेटफॉर्मिनऐवजी ग्लिमेपिराइड घेत असत्या, तर साखर एकदम खाली जाण्याची भीती होती, कारण सल्फामेथॉक्साझोल ग्लिमेपिराइडचे चयापचय रोखते.

सल्फाची अ‍ॅलर्जी असती तर? सिप्रोफ्लॉक्सासिन प्रतिरोधी, सेफाझोलिन प्रतिरोधी म्हणून सेफॅलेक्सिनही बाद. सेफिक्झिम निम्मेच शोषले जाते आणि रक्तातल्या संसर्गासाठी त्यावर भरवसा ठेवणे अवघड. अशा वेळी उरलेले तीन दिवस दिवसातून एकदा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देऊन संपवणे हा सरळ मार्ग आहे. एकूण सातच दिवसांचा कोर्स असल्याने ते जमते.

पायरी ६: दिवस मोजणे

दिवस १ कोणता? ज्या दिवशी जिवाणूवर चालणारे पहिले औषध गेले आणि संसर्गाचा उगम ताब्यात होता, तो. औषध बदलले म्हणून मोजणी पुन्हा सुरू होत नाही. ही चूक फार ठिकाणी होते: मेरोपेनेमचे तीन दिवस झाले, मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे सात मोजले, घरी जाताना गोळ्यांचे आणखी सात. रुग्णाला सतरा दिवस अँटिबायोटिक मिळते आणि केसपेपरवर कुठेच १७ हा आकडा दिसत नाही.

आपल्या रुग्णात मेरोपेनेम पहिल्या डोसापासून चालणारे होते आणि अडथळा नव्हता, म्हणून सोमवार हा दिवस १. शुक्रवार दिवस ५, रविवार दिवस ७. शुक्रवार, शनिवार, रविवार, दिवसाला दोन, म्हणजे सहा गोळ्या. चिठ्ठीवर 'एक पट्टी' न लिहिता ६ गोळ्या आणि शेवटच्या गोळीची तारीख लिहायची. सुरुवातीला दिलेले औषध प्रतिरोधी निघाले असते आणि बुधवारी बदलले असते, तर दिवस १ बुधवार झाला असता. खड्यासाठी मंगळवारी स्टेंट घातला असता, तर मंगळवार.

सात दिवस पुरतात हे कशावरून? २०१९ मध्ये ६०४ रुग्णांवरच्या ट्रायलमध्ये, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू रक्तात असलेले पण सातव्या दिवसापर्यंत स्थिर झालेले रुग्ण सात आणि चौदा दिवस अशा दोन गटांत विभागले होते. सात दिवसांचा गट मागे पडला नाही. त्यानंतर २०२४ मध्ये बॅलन्स ट्रायल आली, ३,६०८ रुग्णांची. ९० दिवसांतले मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात १६.१ टक्के. तिथे रक्तातल्या संसर्गाचा सर्वांत मोठा वाटा मूत्रमार्गातूनच आलेला होता.

या अभ्यासांत कोण नव्हते तेही तेवढेच महत्त्वाचे आहे. बॅलन्समधून स्टॅफिलोकॉकस ऑरियस असलेले रुग्ण, प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण, कृत्रिम हृदयझडप असलेले आणि दीर्घ उपचार लागणारे संसर्ग वगळले होते. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर मोजणी पहिल्या निगेटिव्ह ब्लड कल्चरपासून, आणि गुंतागुंत नसली तरी किमान १४ दिवस. हृदयाच्या झडपेला किंवा हाडाला संसर्ग असेल तर चार ते सहा आठवडे आणि प्रसंगी त्याहून अधिक. तिथे सात दिवसांवर थांबणे घातक आहे. मूत्रपिंडात न काढलेले गळू असेल तर आपल्या बाईंनाही सात दिवस पुरले नसते.

सातव्या दिवशी सीआरपी अजून ३० आहे म्हणून कोर्स वाढवण्याचा मोह होतो. ताप नाही, रक्तदाब ठीक, कुशीतले दुखणे गेलेले, तर सीआरपी मागून हळूहळू उतरेल. तसेच त्रास नसताना कोर्सनंतर लघवीचे कल्चर पाठवू नका. या वयाच्या मधुमेही स्त्रियांत लक्षणांशिवायही लघवीत जिवाणू सापडतात. ते सापडले की कुणीतरी त्यावर उपचार करतो आणि सात दिवसांचे पंधरा होतात.

घरी सोडतानाच्या कागदावर इतके असावे: ई. कोलाय, रक्तात आणि लघवीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व को-ट्रायमॉक्साझोल संवेदनशील, सिप्रोफ्लॉक्सासिन प्रतिरोधी. उपचार सोमवार ते रविवार, एकूण सात दिवस. शेवटची गोळी रविवारी रात्री. रविवारी पोटॅशियम व क्रिएटिनिन. टेल्मिसार्टन रक्तदाब आणि पोटॅशियम पाहून सोमवारनंतर. पुन्हा थंडी-ताप आला, कुशीत दुखले किंवा गोळी पोटात टिकली नाही, तर त्याच दिवशी परत यावे. सिप्रोफ्लॉक्सासिन प्रतिरोधी आहे ही ओळ गाळू नका. पुढच्या वेळी बाई दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, तर त्यांचे पहिले औषध याच ओळीवरून ठरणार आहे.